‘यात काहीच नाही’ म्हणणाऱ्या मुलीसाठी पुस्तके

पत्र: माझी मुलगी बारा वर्षांची आहे. सातवीत, सेमी-इंग्रजीत शिकते. तिला अंतराळाचे विलक्षण वेड आहे, पण विज्ञानाचे पाठ्यपुस्तक ‘बोअर’ म्हणून ती उघडत नाही. तारकांवरचा धडा पुस्तकात शेवटी आहे. तेवढा तिने पुस्तक मिळाले त्याच दिवशी वाचून काढला आणि म्हणाली, ‘यात काहीच नाही.’ वाढदिवसाला आम्ही अंतराळावरचा जाडजूड, रंगीत इंग्रजी एन्सायक्लोपीडिया आणला. आठवडाभर तिने चित्रे पाहिली, आता तो कपाटावर धूळ खातो आहे. तिची आवड वरवरचीच आहे का? मराठी पुस्तके दिली तर पुढे इंग्रजीत अडेल, असे तिच्या बाबांना वाटते. नेमकी कोणती पुस्तके द्यावीत?
– एक आई, नागपूर

ताई,

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची साक्ष तुमच्या मुलीचीच आहे आणि ती तुम्ही तक्रार म्हणून नोंदवली आहे. नवे पाठ्यपुस्तक हाती पडताच जी मुलगी शेवटचा धडा शोधून काढते, तिला ना वाचनाचा कंटाळा आहे, ना विज्ञानाचा. तिने धडा वाचला, त्यात आपल्याला हवे ते आहे का हे पाहिले आणि निकाल दिला. त्या निकालावर रागावण्याआधी तिला काय हवे होते, हे आपण पाहू.

पाठ्यपुस्तकाला वर्षभरात पेशींपासून ध्वनीपर्यंत सगळे उरकायचे असते, त्यामुळे ताऱ्यांच्या वाट्याला चार-सहा पाने येतात आणि त्या पानांत व्याख्या, नावे आणि वर्गीकरण यांपलीकडे फारसे काही मावत नाही. सूर्य हा तारा आहे असे तिथे लिहिलेले असते. तो तारा आहे हे कोणाला, कधी आणि कशावरून पटले, याला जागा उरत नाही. तुम्ही हौसेने आणलेला एन्सायक्लोपीडियाही बहुतेक त्याच जातीचा असावा. कागद गुळगुळीत, चित्रे देखणी, पण प्रत्येक पानावर पुन्हा निष्कर्षच. तेव्हा तिने दोन वेगवेगळी पुस्तके नाकारली असे मला वाटत नाही. एकाच प्रकारचे पुस्तक तिने दोनदा नाकारले आहे, आणि ‘आवड वरवरची’ हा तुमचा तर्क मला म्हणूनच पटत नाही. आवड वरवरची असती, तर चित्रांवर तिचे समाधान झाले असते.

आता पुस्तक निवडायचे कसे, ते सांगतो. बर्डीवरच्या एखाद्या दुकानात किंवा वाचनालयात पुस्तक हातात घेतले, की मुखपृष्ठावरचे वय आणि ‘शंभर अद्भुत तथ्ये’ वगैरे मजकूर बाजूला ठेवा आणि गुरू ग्रहाचे पान उघडा. गुरूला चार मोठे चंद्र आहेत, हे वाक्य त्यावर कुठे ना कुठे असणारच. या वाक्यानंतर पुस्तक काय करते, ते पाहा. चंद्रांची नावे आणि व्यास देऊन ते पुढे सरकले, तर हे पुस्तक संदर्भाला ठीक, वाचायला नाही. ‘गॅलिलिओने १६१० मध्ये हे चंद्र शोधले’ एवढेच लिहिले असेल, तर ते अर्ध्या वाटेवर थांबलेले पुस्तक आहे. पण गॅलिलिओने त्या रात्री काय पाहिले आणि त्याचा अर्थ त्याला कसा लागत गेला, हे त्यात सांगितले असेल, तर ते पुस्तक तुमच्या मुलीसाठी आहे.

ती हकिगत थोडक्यात इथेच देतो, म्हणजे मी कशाविषयी बोलतो आहे ते स्पष्ट होईल. ७ जानेवारी १६१० च्या रात्री गॅलिलिओने सुमारे वीसपट मोठे दाखवणारी स्वतः घडवलेली दुर्बीण गुरूकडे वळवली. गुरूजवळ त्याला तीन लहान ठिपके एका रेषेत दिसले, दोन पूर्वेला आणि एक पश्चिमेला. मागचे तारे असतील, असे त्याला वाटले. दुसऱ्या रात्री पाहतो तो तिन्ही ठिपके पश्चिमेला! म्हणजे गुरू पूर्वेकडे सरकला असणार; पण त्या दिवसांत गुरू वक्री होता आणि ग्रहांच्या जागा सांगणाऱ्या कोष्टकांप्रमाणे तो पश्चिमेकडे सरकायला हवा होता. तेव्हा गॅलिलिओच्या मनात पहिली शंका आली ती कोष्टकेच चुकली की काय, ही. नऊ तारखेला आकाश ढगाळ होते, त्यामुळे काहीच कळले नाही. दहाला दोनच ठिपके दिसले, दोन्ही पूर्वेला. आता गुरू असा मागेपुढे उड्या मारतो आहे असे मानणे शक्यच नव्हते. हलत होते ते ठिपके. तेरा तारखेला चौथा ठिपका दिसला आणि मार्च महिन्यात त्याचे हे निरीक्षण पुस्तकरूपाने छापूनही झाले.

या हकिगतीत एक चुकलेला अंदाज आहे, एक ढगाळ रात्र आहे आणि त्यानंतर निष्कर्ष आहे. बारा वर्षांच्या मुलीला हे सगळे उत्तम समजते, कारण यात अवघड गणित कुठेच नाही. शिवाय हे तिला स्वतःला करून पाहता येते. काही हजार रुपयांत मिळणारी १०×५० ची द्विनेत्री दुर्बीण, म्हणजे दहापट मोठे दाखवणारी आणि पन्नास मिलिमीटर भिंगांची, या कामाला पुरते. हातात धरली तर चित्र थरथरते, म्हणून गच्चीच्या कठड्यावर कोपरे टेकवावीत किंवा स्टूल उलटे ठेवून त्याच्या पायांवर दुर्बीण टेकवावी. गुरू सध्या संध्याकाळी दिसतो की पहाटे, हे स्टेलॅरियम नावाच्या मोफत ॲपमध्ये नागपूर हे ठिकाण टाकले की कळते. गॅनिमीड आणि कॅलिस्टो हे दोन चंद्र सहज सापडतात. आयो गुरूच्या अगदी जवळून फिरत असल्यामुळे त्याच्या झगमगाटात पुष्कळदा हरवतो. चारही रोज दिसतील, अशी अपेक्षाही ठेवू नये, कारण एखादा गुरूच्या पुढे किंवा मागे गेलेला असू शकतो. वहीत रोज एक आडवी रेघ, मध्ये गुरूसाठी एक गोल आणि दोन्ही बाजूंना ठिपके, शेजारी तारीख आणि वेळ, एवढे तिने आठवडाभर केले, तर कोणता ठिपका फिरतो आहे हे तिचे तिलाच कळेल. एखादा ठिपका खरोखर मागचा तारा असेल, तर दोन-चार दिवसांत गुरू त्याला मागे टाकून पुढे जातो. चंद्र मात्र गुरूची साथ सोडत नाहीत. ही दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवायची नाही, ही एकच सक्त ताकीद तिला द्या. खोक्यावर पाचशेपट वगैरे लिहिलेली खेळण्यातली टेलिस्कोप घेऊ नका. तिच्या डगमगत्या तिकाटण्यावर चंद्रसुद्धा धड थांबत नाही आणि उत्साह आठवड्यात मावळतो.

पुस्तक पारखण्याची दुसरी कसोटी नागपूरकरांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे, कारण आकाशाची पुस्तके ज्या गावच्या आकाशासाठी काढली जातात त्या गावचीच असतात. दुकानांत मिळणारे बहुतेक इंग्रजी तारकानकाशे चाळीस ते पन्नास अंश उत्तर अक्षांशासाठी, म्हणजे न्यूयॉर्क किंवा लंडनच्या आसपासच्या आकाशासाठी केलेले असतात. आपले नागपूर साधारण २१ अंशांवर आहे. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर दिसतो तितका आपला अक्षांश, हा सरळ नियम आहे. हात लांब करून मूठ धरली, तर ती साधारण दहा अंश झाकते. त्यामुळे नागपुरात ध्रुवतारा उत्तर क्षितिजावर दोन मुठींच्या उंचीवर असतो आणि समोरची इमारत उंच असेल तर दिसतही नाही. लंडनच्या नकाशात तो पाच मुठींवर असतो. मूल तो नकाशा घेऊन गच्चीवर जाते, ध्रुव सापडत नाही, सप्तर्षी भलतीकडे दिसतात, आणि दोष मात्र ते स्वतःला देते.

उलट दक्षिणेकडे आपल्याला जे दिसते, ते त्या पुस्तकांत नसतेच. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा व्याध डोक्यापासून साधारण चार मुठी खाली दिसेल, आणि त्याच्या खाली साडेतीन मुठींवर, क्षितिजाच्या जरा वर, अगस्त्य दिसेल. तेजस्वीपणात अगस्त्याचा क्रमांक व्याधाच्या खालोखाल, म्हणजे दुसरा. पण न्यूयॉर्कमधून तो कधी उगवतच नाही. म्हणून हिवाळ्यातल्या आकाशाच्या पानावर अगस्त्य आहे का, हे आधी पाहावे. नसेल, तर ते पुस्तक आपल्या गच्चीवर अर्धेच चालेल.

याच कारणाने मला आवडणाऱ्या एका इंग्रजी पुस्तकाची शिफारस मी जपून करतो. एच. ए. रे यांचे ‘द स्टार्स: अ न्यू वे टू सी देम’ हे पुस्तक १९५२ साली निघाले. रे हे मुलांच्या चित्रपुस्तकांचे चित्रकार. तारकासमूहांच्या जुन्या आकृत्यांमध्ये सिंह सिंहासारखा दिसत नाही, ही त्यांची अडचण होती. म्हणून त्यांनी तारे तेच ठेवून रेषा अशा जोडल्या, की नाव आणि आकृती एकमेकांना शोभावीत. लहान वाचकांसाठी त्यांचेच ‘फाइंड द कॉन्स्टेलेशन्स’ आहे आणि तुमच्या मुलीने तिथून सुरुवात करावी. आकृत्या ओळखायला ही पुस्तके उत्कृष्ट आहेत. कोणत्या महिन्यात कोणता तारा किती वर, हे मात्र पुस्तकातून न घेता स्टेलॅरियमवर नागपूरसाठी पडताळावे. शहराच्या उजेडात मृग, व्याध, सप्तर्षी एवढेच धड दिसतात. सुट्टीत पेंचला जाणे झाले, तर एखादी चंद्र नसलेली रात्र निवडा. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली आहे, आणि नागपुरातल्या गच्चीवरून न दिसणारी आकाशगंगा तिथे साध्या डोळ्यांनी पाहता येते.

मराठीत डॉ. जयंत नारळीकर यांचे ‘आकाशाशी जडले नाते’ घरी असावे, असे मी निःसंकोच सांगेन. मात्र ते पुस्तक मोठे आहे आणि बारा वर्षांच्या मुलीने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचावे असे नाही. तसा आग्रह धरला, तर त्याचेही पाठ्यपुस्तक होईल. अनुक्रमणिका तिच्यासमोर उघडी ठेवा आणि तिला हवे ते प्रकरण निवडू द्या. जिथे भौतिकी जड होईल, ती पाने खुशाल सोडू द्या. दोन वर्षांनी ती त्याच पानांवर परत येईल. गोष्टींची ओढ असेल, तर त्यांचा ‘यक्षांची देणगी’ हा विज्ञानकथांचा संग्रह आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारळीकरांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठवली होती आणि तिला पहिला क्रमांक मिळाला होता. एवढे सांगितले, तरी मुले पुस्तक उघडून पाहतात, असा माझा अनुभव आहे. त्या कथा मोठ्यांसाठी लिहिलेल्या आहेत, त्यामुळे एखादी आधी तुम्ही वाचावी आणि मग दोघींनी मिळून वाचावी.

कार्ल सेगन यांचे ‘कॉसमॉस’ पुष्कळ जण सुचवतील. १९८० सालचे हे पुस्तक थोर आहे, पण त्याचे इंग्रजी सातवीच्या मुलीला एकटीने झेपणारे नाही. त्याच्या पहिल्याच प्रकरणात इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाची कथा आहे; काठीच्या सावलीवरून त्याने पृथ्वीचा घेर मोजला. तेवढा भाग बाबांनी तिच्याजवळ बसून इंग्रजीतून वाचावा आणि अडेल तिथे मराठीत सांगावा. तो प्रयोग नागपुरात फार चांगला करता येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पहिला दिवस २६ मेच्या सुमारास, दुसरा जुलैच्या मध्यानंतर. जुलैत ढग असतात, तेव्हा मे महिनाच धरावा. आपल्या गावी त्या दिवशी सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, तर बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास, कारण घड्याळातली भारतीय प्रमाणवेळ आपल्या पूर्वेकडच्या रेखांशाची आहे. नेमका नवतपा सुरू झालेला असतो, त्यामुळे डोक्याला दुपट्टा, पायांत चप्पल आणि गच्चीवर दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नाही, हे आधीच ठरवून घ्या. त्याच दिवशी दिल्लीतल्या एखाद्या मावशीला किंवा मामेभावाला तिथली एक मीटर काठीची सर्वांत आखूड सावली मोजायला सांगा. तिथे ती बारा वाजून अठरा मिनिटांच्या आसपास येईल आणि साधारण तेरा सेंटिमीटर भरेल.

आता त्रिकोणमितीची गरज नाही. वहीत दहा सेंटिमीटरची उभी रेघ म्हणजे काठी आणि तिच्या पायाशी काटकोनात १.३ सेंटिमीटरची आडवी रेघ म्हणजे सावली, असे काढून टोके जोडावीत आणि वरचा कोन कोनमापकाने मोजावा. तो साडेसात अंशांच्या जवळ येतो. नागपुरात सावली शून्य, म्हणून दोन गावांमधला कोन तेवढाच. पूर्ण वर्तुळाच्या ३६० अंशांत साडेसात अंश ४८ वेळा मावतात. नागपूर ते दिल्ली हे सरळ उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ८३० किलोमीटर आहे. रेल्वेचे अंतर इथे चालत नाही, ते नकाशावर पट्टीने मोजावे. ४८ गुणिले ८३० म्हणजे ३९,८४० किलोमीटर. पृथ्वीचा ध्रुवांवरून जाणारा घेर ४०,००८ किलोमीटर आहे.

उत्तर फारच चुकले, तर बहुधा काठी तिरपी होती असे समजा. काठी एका अंशाने कलली तरी सावलीत पावणेदोन सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि तेरा सेंटिमीटरमध्ये तो फार मोठा आहे. गवंडी वापरतात तसा ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेला जड नट, काठीशेजारी सोडून दोन्ही गावांत काठी सरळ केली की हा दोष जातो. सावलीची कड थोडी पुसट दिसते, तीही अडचण येईल. सूर्य हा ठिपका नसून तबकडी असल्यामुळे ती तशीच दिसणार. अशा वेळी पुसट पट्ट्याच्या मध्यावर खूण करावी. नागपुरात दोन-तीन दिवस मागेपुढे झाल्यामुळे बारीकशी सावली राहिली, तर ती दिल्लीच्याच दिशेला पडली आहे का हे पाहून तिचा कोन वजा करावा, उलट दिशेला पडली असेल तर मिळवावा. ‘कॉसमॉस’मधली ती पाने तिने या प्रयोगानंतर वाचली, तर अधिक बरे.

आता तिच्या बाबांची शंका. सेमी-इंग्रजीतल्या मुलांची एक वेगळी गोष्ट असते. गोष्टी, कविता, वर्तमानपत्र ती मराठीत वाचतात आणि विज्ञान मात्र इंग्रजीत, परीक्षेसाठी. त्यामुळे कंटाळा विज्ञानाचा की त्या भाषेतल्या अभ्यासाचा, हे मुलांना स्वतःलाही सांगता येत नाही. पारख करणे सोपे आहे. पाठ्यपुस्तक मंडळाच्या ebalbharati.in या संकेतस्थळावर मराठी माध्यमाची पुस्तके विनामूल्य मिळतात. तिला न आवडलेला एखादा धडा, समजा उष्णतेचा, मराठीतून वाचायला द्या. तो तिने सहज वाचला, तर अडचण भाषेची होती आणि आत्ता मराठी पुस्तके देणे अधिकच गरजेचे आहे. तोही तिला रटाळ वाटला, तर अडचण मांडणीची आहे आणि ती इंग्रजी पुस्तकांनी आपोआप सुटणार नाही. ‘पुढे इंग्रजीत अडेल’ ही भीती मला व्यवहारात फारशी खरी होताना दिसलेली नाही. वक्री गती म्हणजे काय हे ज्या मुलीला गुरू पाहून कळले आहे, तिला त्याचा इंग्रजी शब्द शिकायला एक मिनिट लागते. वहीच्या मागच्या पानावर दोन्ही भाषांतले शब्द शेजारी शेजारी लिहीत गेले, की पुरे.

सगळी पुस्तके विकत घ्यायला हवीत, असेही नाही. खेळणी आणि विज्ञान यांवर आयुष्यभर काम केलेल्या अरविंद गुप्ता यांच्या arvindguptatoys.com या संकेतस्थळावर मराठीतली पुष्कळ विज्ञानपुस्तके मोफत उतरवून घेता येतात. तिथला साठा इतका मोठा आहे, की मुलीला मोबाइल हातात देऊन ‘बघ काय हवे ते’ म्हटले तर ती गोंधळेल. तुम्ही दोन-तीन निवडून, जमल्यास छापून द्यावीत. एका वेळी तीनापेक्षा जास्त पुस्तके घरात आणू नयेत, असे माझे मत आहे. नाही तर प्रत्येकाची पहिली दहा पाने वाचून होतात, पुढे काही नाही.

जुनी पुस्तके टाकूनही देऊ नका. खगोलशास्त्रातला काही भाग शिळा होतो आणि काही होत नाही. गॅलिलिओची निरीक्षणे, सावलीचे माप, नक्षत्रांच्या जागा हे पन्नास वर्षांपूर्वीच्या पुस्तकातही बरोबरच असते. शिळे होतात ते आकडे. शनीच्या चंद्रांची संख्याच घ्या. २०२५ मध्ये एकदम १२८ नवे चंद्र मान्य झाले आणि संख्या २७४ वर गेली, म्हणजे त्याआधी छापलेले प्रत्येक पुस्तक इथे चुकलेले आहे. तुमच्या मुलीला हा खेळ आवडेल: जुने पुस्तक घ्यायचे, प्रकाशनवर्षाचे पान न पाहता आतल्या मजकुरावरून त्याचे वय ओळखायचे. प्लूटोसह नऊ ग्रह असतील, तर ऑगस्ट २००६ पूर्वीचे. कडी फक्त शनीलाच असतील, तर १९७७ पूर्वीचे, कारण त्या वर्षी युरेनसभोवतीची कडी सापडली. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह सापडल्याचा उल्लेखच नसेल, तर बहुधा १९९५ पूर्वीचे. आजोबांच्या ट्रंकेतली, शाळेच्या कपाटात वर्षानुवर्षे कुलूपबंद राहिलेली पुस्तके या खेळाला सर्वांत चांगली. वर्ष ओळखता ओळखता ती पुस्तक निम्मे वाचून टाकते, हे तिच्या लक्षातही येत नाही.

कपाटावरच्या एन्सायक्लोपीडियालाही याच कामासाठी खाली काढा. तो वाचायला देऊ नका, तपासायला द्या. शनीचे चंद्र किती दिले आहेत, हिवाळ्याच्या नकाशात अगस्त्य आहे का, गुरूच्या पानावर १६१० च्या रात्रींविषयी किती ओळी आहेत, हे पाहून तिने मार्जिनमध्ये पेन्सिलने शेरे मारावेत. महागाचे पुस्तक खराब होईल म्हणून तिला अडवू नका.

शाळेच्या विज्ञानाचे काय, हा प्रश्न तुम्ही थेट विचारला नसला तरी पत्रात तो आहे. सहामाहीचे गुण या पुस्तकांमुळे लगेच वाढतील, असे आश्वासन मी देणार नाही; व्याख्या पाठ कराव्या लागतात त्या लागतातच. पण तारकांच्या त्या शेवटच्या धड्यातून तिने तिला खटकणारी तीन वाक्ये निवडावीत आणि प्रत्येकासमोर ‘कशावरून?’ असे लिहावे. त्यांतल्या एका वाक्याचे उत्तर शोधायला महिनाभर द्या. घरच्या पुस्तकांत ते मिळाले नाही, तर प्रश्न कागदावर लिहून गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात एखाद्या रविवारी तिला घेऊन जा, तारांगणाचा कार्यक्रम पाहा आणि तो संपल्यावर तिथल्या माणसांना तो प्रश्न तिचा तिलाच विचारू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका.